कोरडा शिरखुर्मा

रमजान ईद जवळ आली की मला दरवर्षी एखादा तरी फोन येतो. पलीकडचे संपादक सज्जन असतात. म्हणतात, "लहानपणीचा एखादा छान अनुभव लिहा ना. शेजारपाजार, शिरखुर्मा, असं काहीतरी." मीही लिहून देतो. काही वर्षांपूर्वी असाच एक मजकूर दिला होता. वाड्यात आमच्या समोर काकू राहायच्या. ईदला अम्मी त्यांच्याकडे शिरखुर्म्याची वाटी पाठवायची, दिवाळीला काकूंकडून फराळाचं ताट यायचं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं की तेव्हा धर्म स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता. लोकांना आवडलं. बऱ्याच जणांनी डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं.

त्यातली एक गोष्ट खोटी होती. वाटी नव्हती. अम्मी काकूंकडे शिजवलेला शिरखुर्मा कधीच पाठवत नसे. ती पाठवायची कोरडं सामान : शेवयांची पुडी, साखर, खारीक, चारोळी, थोडे बदाम आणि वर लिटरभर दूध. काकू तो आपल्या भांड्यात, आपल्या चुलीवर करायच्या. ही पद्धत महाराष्ट्रात अनेक गावांत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. आपल्यातल्या बऱ्याच वाचकांनी लहानपणी ती पिशवी स्वतः नेऊन दिली असेल. फराळ मात्र आमच्याकडे शिजवलेला, तळलेला, तयार यायचा.

मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. शेवट आधी ठरला होता, आणि त्या शेवटाला पिशवीपेक्षा वाटी सोयीची होती. किस्सा बिघडतो तो इथे. सांगणाऱ्याला निष्कर्ष माहीत असतो, मग आडवे येणारे तपशील आपोआप गळतात. आपल्याकडे असे दोन शेवट कायम तयार असतात. एक 'किती सलोखा होता' आणि दुसरा 'किती अन्याय होतो'. घर भाड्याने नाकारल्याचे आमचे किस्से दुसऱ्या शेवटाकडे जातात. ते खरे असतात, मीही अनुभवलेत. पण दहावा किस्सा वाचताना वाचकाला पहिल्या नऊहून वेगळं काही कळत नाही. सहमत असणारा मान हलवतो, नसणारा पान उलटतो.

म्हणून एखादा प्रसंग लिहून झाला की मी आता एक काम करतो. शेवटचा परिच्छेद कापतो आणि उरलेल्या मजकुरात मी काय नीटनेटकं केलंय ते शोधतो. जिथे आठवण गुळगुळीत केलेली असते, तिथेच बहुधा प्रश्न दडलेला असतो. वाटीच्या जागी पिशवी ठेवली, तेव्हा पहिला प्रश्न पडला : तयार अन्न एकाच दिशेने का जात होतं?

पण हा प्रश्नही मला फसवत होता. त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. सोवळं, शिवाशिव, मांसाहारी घरातली भांडी. हे लिहिलं असतं तर पहिला शेवट जाऊन दुसरा आला असता, एवढंच. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारण्याआधीच खिशात असतं, तो निबंधाला पुरत नाही. दोन प्रामाणिक माणसं ज्याची वेगळी उत्तरं देऊ शकतील असा प्रश्न लागतो, आणि त्यातल्या एका उत्तराने लिहिणाऱ्याची स्वतःची अडचण झाली पाहिजे.

म्हणून अम्मीला विचारलं, "तुला वाईट नाही वाटायचं?" ती दखनीत म्हणाली, "लेती थी ना वो? पकाके खाती थी ना? और क्या होना?" मग जरा थांबून म्हणाली, "और हम क्या उनका परसाद खाते थे?"

हे मी विसरलो होतो. काकूंकडच्या सत्यनारायणाचा शिरा यायचा. अम्मी तो दोन्ही हातांनी घ्यायची, झाकून ठेवायची आणि संध्याकाळी कामाला येणाऱ्या मावशींना द्यायची. दिवाळीच्या चकल्या आम्ही फस्त करायचो, पण पूजेचा शिरा आमच्या ताटात येत नसे. म्हणजे रेघ दोन्हीकडे होती. काकूंची जातीतून आलेली, आमची श्रद्धेतून. दोन्ही सारख्याच का? मला तसं वाटत नाही. एकीत माणसाच्या हाताचा विटाळ आहे, दुसरीत अन्न कुणाला अर्पण केलंय याचा विचार आहे. पण हे मी आज, पुस्तकं वाचून म्हणतोय. शिरा झाकून ठेवताना अम्मी हा फरक करत होती का? आणि काकू आमच्या पिशवीतली खारीक निवडताना विटाळाचा विचार करत होत्या, की आपल्या सासूला काय सांगायचं याचा? समोरच्याची रेघ माहीत असून ती न ओलांडता दरवर्षी पिशवी नेणं याला जवळीक म्हणायचं की अंतर? या प्रश्नावर मी गेले काही महिने अडलोय. आणि अडल्यामुळेच तो मजकूर पुन्हा लिहावासा वाटतोय.

जॉर्ज ऑर्वेलचा १९३६चा हत्ती मारल्याचा निबंध या बाबतीत पाहण्यासारखा आहे. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी असताना माजावर आलेल्या हत्तीमागे तो बंदूक घेऊन जातो. तो पोचतो तेव्हा हत्ती शांतपणे चरत असतो, मारायची गरज उरलेली नसते, तरी तो मारतो. किस्सा एवढाच. साम्राज्य वाईट, असा शेवट त्याला सहज करता आला असता. ते मत तर तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्याचा प्रश्न पुढचा आहे : मला मारायचं नव्हतं, तर मी मारलं का? आणि हा प्रश्न गोष्ट संपल्यावर उपदेशासारखा येत नाही. हातात बंदूक आहे, मागे हजारोंची गर्दी आहे, गोळी अजून सुटलेली नाही, तेव्हा तो येतो. राज्य करणारा माणूस या गर्दीपुढे हसं होऊ नये म्हणून तिच्या मर्जीने वागतो आहे, हे त्याला तिथे दिसतं. शेवटी तर तो कबूल करतो की हत्तीने एक मजूर मारला होता, याचं त्याला बरं वाटलं, कारण त्यामुळे कायदा त्याच्या बाजूने झाला. हा तपशील गाळला असता तर लेखक आपल्याला जास्त आवडला असता.

सगळेच किस्से खणायला हवेत असं नाही. ईदच्या दिवशी पाहुण्यांत बसून सांगायचा किस्सा किस्साच राहू द्यावा, तिथे प्रश्न काढणारा माणूस कंटाळवाणा होतो. आणि काही वेळा खाली प्रश्न नसतोच. अशा वेळी ओढूनताणून काढलेला प्रश्न शेवटच्या ओळीत 'आपण कुठे चाललो आहोत?' असा विचारला जातो. तो दिसला की मी समजतो, लेखकाला काही सापडलेलं नाही.

नवा मजकूर मी गेल्या आठवड्यात अम्मीला वाचून दाखवला. शिऱ्याच्या जागी ती हसली, सामानाच्या यादीवर मात्र अडली. दूध आमच्याकडून जात नव्हतं, म्हणाली. दूध काकू स्वतःचंच घ्यायच्या, आणि त्या दिवशी आमच्याकडे कमी पडलं तर तांब्याभर इकडे पाठवायच्या. त्या दुधाचा शिरखुर्मा आम्ही खाल्ला होता का, असं विचारलं तर ती म्हणाली, "फिर?"

तो परिच्छेद आता पुन्हा लिहायचाय.