आगाऊ स्वाध्याय आणि हजेरीचा हिशेब

सत्र चालू असताना महिनाभर इंटर्नशिपसाठी जाऊ द्यावे, त्या काळातले स्वाध्याय आगाऊ सादर करतो, असा अर्ज विद्यार्थ्याने केला की महाविद्यालयात दोन तट पडतात. शिकण्याच्या वयात नोकरीची घाई कशाला, असे एक तट म्हणतो. मुलाला अनुभव मिळत असेल तर अडवू नये, असे दुसरा. दोघांचाही हेतू चांगला असतो, पण अर्जात खरी अडचण कुठे आहे हे दोघेही पाहत नाहीत.

काम सुटीतच का करू नये, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षातील एखादी विद्यार्थिनी सनदी लेखापालाच्या कचेरीत जाऊ इच्छिते असे समजू. आयकरासाठी करावयाच्या लेखापरीक्षणाचे अहवाल एरवी ३० सप्टेंबरपर्यंत द्यावे लागतात. कधी मुदतवाढ मिळते, परंतु व्हाउचर तपासणे, बँकेच्या खात्याशी रोकडवहीचा मेळ घालणे या कामांची गर्दी सप्टेंबरातच उसळते. दिवाळीच्या सुटीत तीच मुलगी गेली तर तिच्या वाट्याला कपाटातील फायली लावणे येण्याचाच संभव अधिक. हंगाम विद्यार्थ्याच्या सोयीने येत नाही. तेव्हा तिची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

आता हजेरी पाहू. मुंबई विद्यापीठासह अनेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीचा दंडक आहे. सत्र १५ आठवड्यांचे आणि एका विषयाच्या आठवड्याला चार तासिका धरल्या, तर एकूण ६० तासिका होतात. त्यांपैकी ४५ भरणे भाग आहे. म्हणजे १५ चुकल्या तरी चालेल. चार आठवड्यांच्या गैरहजेरीत मात्र १६ तासिका बुडतात. उरलेल्या सत्रात एकही दिवस न चुकवता ती आली, तरी तिची हजेरी ७३ टक्क्यांच्या आसपासच राहील. एका तासिकेने ती अपात्र ठरेल, आणि एखादा ताप आला तर अंतर आणखी वाढेल. शिक्षकांनी आपुलकीने तोंडी दिलेले ‘हरकत नाही’ सत्राअखेर हजेरीपटापुढे टिकत नाही. यादी फलकावर लागते तेव्हा त्या मुलीला हे कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आगाऊ स्वाध्यायांनी ही उणीव भरून निघत नाही, कारण स्वाध्याय गुणांच्या खात्यात जमा होतात, हजेरीच्या नव्हे. शिवाय जो भाग वर्गात अजून शिकवलाच नाही, त्यावरचा स्वाध्याय आधी लिहायचा म्हणजे बहुधा मार्गदर्शिकेतून उतरवून काढायचा. शिकवून झालेल्या भागावरचे स्वाध्याय आगाऊ घ्यावेत. त्या महिन्यातील भागाचे परतल्यावर, तोंडी प्रश्न विचारून घ्यावेत. अंतर्गत चाचणी आणि गटाने करावयाचे सादरीकरण यांच्या तारखा अर्जातच नमूद व्हाव्यात, कारण या दोन्ही गोष्टी आगाऊ देता येत नाहीत.

राहिला हजेरीचा तिढा. त्याला तीन वाटा आहेत. महिन्याऐवजी तीन आठवडे गेल्यास १२ तासिका बुडतात, हजेरी ८० टक्के राहते आणि आजारपणासाठी तीन तासिका हाताशी उरतात. महाविद्यालय सकाळचे असेल तर दुपारनंतर कचेरीत जाता येते. तिसरी वाट अभ्यासक्रमातूनच जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला श्रेयांक मिळू लागले असून ३० तासांना एक श्रेयांक असे त्याचे प्रमाण आहे. रोज सात तासांप्रमाणे २४ दिवसांचे १६८ तास होतात. त्या विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमात ही तरतूद असेल, तर तिचे काम शिक्षणातच मोजता येईल. मात्र बुडालेल्या तासिकांचे काय, याचा लेखी निर्णय प्राचार्यांनी ती जाण्यापूर्वीच दिला पाहिजे.

या सवलतीचा गैरवापर होईल, ही धास्ती निराधार नाही. ओळखीच्या दुकानदाराचे प्रमाणपत्र मिळवणे अवघड नसते. म्हणून कचेरीच्या पत्रात कामाचे स्वरूप, तारखा व देखरेख करणाऱ्याचे नाव असावे. विद्यार्थिनीने रोजची कामवही ठेवावी आणि शिक्षकाने ती मध्येच एकदा मागवून पाहावी. महिनाभर खरोखर मेळ घालणाऱ्या मुलीला न जुळलेल्या रकमेचे एखादे उदाहरण सांगता येते. नुसते प्रमाणपत्र आणणाऱ्याला ते सांगता येत नाही.

अर्ज सरसकट फेटाळणे सोपे आहे आणि हसत मंजूर करणेही तितकेच सोपे आहे. पण हजेरीचा निकाल न लावता दिलेली परवानगी नकारापेक्षाही वाईट, कारण नकार मिळालेली मुलगी निदान परीक्षेला तरी बसते.