दोघा भावांची जुनी पिकअप

जुन्नर तालुक्यातील दोन भावांच्या वादाची ही लहानशी गोष्ट आहे. ती आम्ही कल्पिली आहे. परंतु आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ती आपल्याच घरची वाटेल, अशी आमची खात्री आहे. जमीन समाईक, चूल वेगळी, विहीर एक. दोन एकर उन्हाळी टोमॅटो, थोडा कांदा, आणि नारायणगावचा बाजार शेतापासून बावीस किलोमीटरांवर.

धाकट्याच्या मनाने घेतले की, आपण स्वतःची पिकअप गाडी घ्यावी. सात वर्षे वापरलेली एक गाडी ४,२०,००० रुपयांस मिळत होती. थोरल्याने ऐकताक्षणीच मान हलविली. "दुसऱ्याने पिळून काढलेला ऊस आपण का चघळावा?" असे तो म्हणाला. धाकटा चिडला. "दादा, दर खेपेस अकराशे रुपये भाडे आपण लोकांच्या पदरात घालतो, ते तुम्हांस दिसत नाही. शिवाय गाडीवाला वेळेवर येत नाही. गेल्या हंगामात सहा वेळा आपला माल लिलाव उतरल्यावर पोहोचला."

आठ दिवस घरात हाच विषय चालला. दोघेही आपापल्या जागी ठाम होते. परंतु वर्षाकाठी खेपा किती होतात, हे मात्र दोघांपैकी एकानेही मोजले नव्हते. आमच्या मते अशा बहुतेक वादांचे मूळ येथेच असते, म्हणून हिशोब येथे सविस्तर मांडतो.

टोमॅटोचा तोडा एकदा सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी माल निघतो. वीस किलोचा एक, असे सत्तर क्रेट एका खेपेस धरले, तर दोन एकरांच्या अठ्ठावीस खेपा होतात. कांदा, खत, रोपे व पेंड यांच्या आणखी सतरा. एकूण पंचेचाळीस. म्हणजे भाड्यापोटी वर्षाचे ४९,५०० रुपये जातात. हा आकडा पाहून धाकट्यास आपलीच बाजू खरी वाटली.

पण गाडी दारात उभी राहिली तरी खाते. तीन वर्षांनी ती विकावयाची म्हटली तर पावणेतीन लाखांच्या आतच किंमत येईल. सबब घसारा वर्षास ५०,०००. तीच रक्कम ठेवीत राहिली असती तर शेकडा सात दराने २९,४०० व्याज आले असते. विमा २२,०००, कर व योग्यता-तपासणी ८,०००, टायरांचा वार्षिक वाटा ८,०००, दुरुस्ती १५,०००. बेरीज १,३२,४०० होते. जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटरांस सुमारे साडेतीनशे रुपयांचे डिझेल जळते. तेव्हा स्वतःच्या गाडीने एका खेपेत वाचतात साडेसातशे, आणि तेही भावाने फुकट गाडी हाकली तर. या मानाने गाडी पेलण्यास वर्षाला १७७ खेपा हव्यात. यांच्या खेपा पंचेचाळीस!

धाकटा हार मानणारा नव्हता. त्याने शेजाऱ्यांचा माल भाड्याने नेण्याचे ठरविले व ऐंशी खेपा त्यांच्या धरल्या. आमच्या मते हा आकडा सढळ आहे. कारण शेजाऱ्यांचा तोडा आपल्याच तोड्याच्या दिवशी येतो. तरी तो मान्य केला, तर १२५ खेपांचे ९३,७५० वाचतात व तूट सुमारे ३८,६५० उरते. यावर धाकट्याने उशिराच्या सहा खेपा पुढे केल्या. लिलाव उतरल्यावर क्रेटमागे ऐंशी रुपये कमी मिळाले होते. सत्तर क्रेटांचे ५,६००, आणि सहा खेपांचे ३३,६००. तूट जवळजवळ बुजली. थोरला प्रथमच गप्प बसला.

तेव्हा वहिनींनी पट्ट्यांचा डबा आणला. गाडी दारात केव्हा आली आणि मजूर केव्हा सुटले, हे त्या प्रत्येक पट्टीच्या पाठीवर लिहून ठेवीत. सहापैकी दोनच दिवशी गाडीवाला उशिरा आला होता. उरलेल्या चार दिवशी गाडी बांधावर उभीच होती. माल निवडून क्रेट भरण्यास उशीर झाला होता. गाडी स्वतःची असती तरी ती तशीच उभी राहिली असती. तेव्हा गाडीच्या खात्यात ३३,६०० नव्हे, ११,२०० तेवढे जमा धरावयाचे, आणि सत्तावीस हजारांवर तूट कायम.

इतके होऊनही धाकट्याच्या आग्रहाखातर दोघे गाडी पाहावयास गेले, आणि ते बरेच झाले. विकणाऱ्याने इंजिन अगोदरच तापवून ठेवले होते. थोरल्याने बॉनेटवर हात ठेवताच ते कळले. जुने इंजिन थंड असताना सुरू करून पाहिले पाहिजे, कारण गरम इंजिन आपली दुखणी झाकते. मग चालू इंजिनावर तेलाचे झाकण सैल केले, तेव्हा भकभक धूर आला; म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. मागील पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये दोन्हीकडे एक-एक पाटा नवा व जादा होता. "शंभर क्रेट सहज नेते," असे विकणारा अभिमानाने सांगत होता. परंतु सतराशे किलोंच्या गाडीवर क्रेटसुद्धा बावीसशे किलो लादले म्हणूनच तो पाटा घालावा लागला. अशा गाडीखाली वाकून स्प्रिंगच्या आधारापाशी चासी पाहावी. तेथे ताजा रंग व त्याखाली झाळणीची रेघ होती.

कागदांची तऱ्हा याहून वाईट. नोंदणीपुस्तकावर नाव तिसऱ्याच माणसाचे, आणि बँकेचा बोजा अद्याप उतरलेला नव्हता. "नाव नंतर करू," असे विकणारा म्हणाला. येथे दोन्ही पक्षांनी सावध असावे. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले आहे. आणि घेणाऱ्याच्या हाती विकावयास गाडी असते पण हक्क नसतो. नमुना २९ व ३० वर सही आणि बँकेचे बोजा उतरल्याचे पत्र हाती आल्याशिवाय इसारही देऊ नये. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की योग्यता-तपासणी दरवर्षी होते, आणि ही गाडी तर सात वर्षांची.

परतताना धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, गाडी नको म्हणतो मी. पण पहाटे सहाला तोडा सुरू करायचा आणि निवडायला दोन बाया जास्त लावायच्या, हे तुम्ही मान्य करा." थोरल्याने मान्य केले. जुन्या वस्तूविषयीचा त्याचा तिटकारा आम्हांस पटत नाही. चांगली ठेवलेली जुनी गाडी दोनशे खेपांच्या घरात फायद्याचीच ठरते. परंतु त्याचा नकार या वर्षापुरता बरोबर होता, जरी कारण त्याला ठाऊक नव्हते.

दोघांनी एका गाडीवाल्याशी हंगामभराचा करार केला आहे: अठ्ठावीस खेपा ठरलेल्या, दुपारी एकच्या आत गाडी बांधावर, आणि उशीर झाल्यास त्या खेपेचे निम्मेच भाडे. वहिनींनी पट्ट्यांच्या डब्यात नवी वही ठेवली आहे. तीत आता दोन्ही चुलींच्या खेपा वेगवेगळ्या लिहिल्या जातात. पुढे गाडी घेतलीच तर डिझेल कोणाचे, हा वाद त्या वहीपाशीच मिटावा, असे त्यांचे म्हणणे आहे.