जोडछायाचित्रातून एकच व्यक्ती वेगळी काढताना

पनवेलच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या पेढीत असा प्रसंग नेहमीच येतो. आजी निवर्तल्या आहेत आणि त्यांच्या पुण्यतिथीसाठी हार घालण्याजोगी तसबीर हवी आहे. परंतु त्यांचे एकमेव चांगले छायाचित्र आजोबांसमवेतचे आहे आणि आजोबा हयात आहेत. हयात व्यक्तीच्या तसबिरीला हार घालणे कोणत्याही घराला रुचणारे नाही. मग छायाचित्रकाराकडे जाऊन सांगितले जाते, ‘दोघांना वेगळे करून द्या.’ हे काम जितके सोपे वाटते तितके नसते; कारण दोघे अगदी शेजारी बसलेले असतात आणि एकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्यावर आलेला असतो.

प्रथम पाहावे लागते ते पुढे कोण आहे. ज्याची बाह्यरेषा कोठेही न तुटता सलग जाते तो पुढचा. ज्याची रेषा दुसऱ्याच्या अंगाशी येऊन थांबते तो मागचा. पुढची व्यक्ती छायाचित्रात पूर्ण असते, मागचीचा झाकलेला भाग मात्र छायाचित्रात मुळी उतरलेलाच नसतो. म्हणून एका छायाचित्रातून दोन कात्रणे निघाली तरी सहसा त्यांतले एकच अखंड असते. कधी खांद्याशी आजोबा पुढे आणि कोपराशी आजींचा हात पुढे, असेही दिसते. तेव्हा हा निर्णय प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे करावा लागतो.

संगणकावरील Select Subject ही आज्ञा दोघांना बहुधा एकच आकृती समजून निवडते. त्यामुळे दोघांमधली रेषा हातानेच आखावी लागते. मूळ चित्राच्या दोन प्रती करून, काहीही न पुसता, नको तो भाग केवळ Layer Mask खाली झाकणे हा सुरक्षित मार्ग आहे. रेषा एकदाच आखायची: तिची एक बाजू आजोबांच्या कात्रणाला आणि उलट बाजू आजींच्या कात्रणाला. या सीमेवरील पिक्सेलांत दोघांच्या वस्त्रांचे रंग मिसळलेले असतात. पांढऱ्या कोटाच्या कडेला गडद साडीची बारीक किनार दिसू लागली, तर रेषा एक-दोन पिक्सेल आत घ्यावी लागते.

आता उदाहरणातील आजी मागे आहेत आणि त्यांचा डावा खांदा झाकलेला आहे असे धरले, तर तो कोठून आणायचा? उजवा खांदा उलटवून डावीकडे बसवण्याचा मोह होतो. परंतु पदर उजव्या खांद्यावर घेतलेला असेल, तर उलटवल्यावर त्याचे काठ दोन्ही खांद्यांवर दिसतात. शिवाय प्रकाश एका बाजूने आलेला असल्यास सावलीही चुकीच्या बाजूला पडते. घरातले माणूस ही चूक लगेच ओळखते, कारण नेमके काय बिघडले हे सांगता आले नाही तरी ‘ह्या आमच्या बा नाहीत’ असे त्याला जाणवते.

त्यापेक्षा चौकट लहान करणे बरे. झाकलेला भाग जेथे सुरू होतो तेथूनच लंबगोल चौकटीची कड नेली, तर काहीही कल्पनेने भरावे लागत नाही. मूळ प्रत ४ x ६ इंचांची असून ६०० डीपीआयवर स्कॅन केली आणि त्यातील दोन इंच रुंदीचा भाग घेतला, तर १२०० पिक्सेल मिळतात. ३०० डीपीआयने छापल्यास त्याची रुंदी चार इंच होते आणि १५० ने आठ इंच. भिंतीवर दुरून पाहण्याच्या तसबिरीला हे आठ इंच चालतात.

भारतीय नोटांवरील महात्मा गांधींची मुद्रा याच प्रकारची आहे. १९४६ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हाउस येथे घेतलेल्या त्या छायाचित्रात त्यांच्याजवळ लॉर्ड पेथिक-लॉरेन्स होते. नोटांसाठी केवळ गांधीजींचा चेहरा घेतला गेला आणि तोही आरशातल्यासारखा उलटवून. चेहराच हवा होता, म्हणून अंगाचा कोणताही भाग नव्याने भरण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

मात्र झाकलेला भाग खांदा नसून गाल किंवा डोळा असेल, तर ते चित्र सोडून दुसरे शोधावे; चेहऱ्याचा अर्धा भाग कल्पनेने रंगवला की ती व्यक्ती राहत नाही. आणि आजींचे कात्रण तयार होत असतानाच आजोबांचेही जपून ठेवावे, मूळ जोडछायाचित्राच्या स्कॅनसह. रेषा एकदा आखलेली असतेच, आणि ते छायाचित्र दोघांच्या सहजीवनाचेही असते.