रोग हटेल, जनुक राहील

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ केला. त्यासाठी २०४७ ची मुदत ठरली आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत हजारो कुटुंबांना ग्रासणाऱ्या या रोगाविरुद्ध अशी मोहीम हवीच होती. परंतु निर्मूलन रोगाचे करावयाचे की जनुकाचे, हा प्रश्न आधीच स्पष्ट झाला पाहिजे. या दोहोंचे हिशेब अगदी वेगळे आहेत.

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन घडविणारे जनुक प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. दोन्ही सदोष असतील तर पेशी विळ्यासारख्या वाकतात व सिकलसेलचा रोग जडतो. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती केवळ वाहक ठरते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. मग पिढ्यानपिढ्या मुलांचे बळी घेणारे हे जनुक केव्हाच नाहीसे कसे झाले नाही?

थॅलसेमियाच्या संदर्भात या कोड्याचे उत्तर १९४९ मध्ये हॉल्डेन यांनी सुचविले. हे शास्त्रज्ञ पुढे भारतातच स्थायिक झाले. सिकलसेलबाबत त्याचा पुरावा अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिला. फाल्सिपेरम जातीचा हिवताप वाहकालाही होतो. पण त्याच्या पेशींत परजीवी नीट वाढत नाही, आणि बाधित पेशी प्लीहेत लवकर नष्ट होतात. त्यामुळे जिवावर बेतणाऱ्या हिवतापापासून वाहक बालक बव्हंशी वाचते. ज्याच्याकडे दोन्ही जनुके सदोष आहेत त्याला मात्र हे कवच लाभत नाही. उलट हिवताप त्याला अधिकच घातक ठरतो.

हा समतोल एका कल्पित हिशेबाने पाहता येतो. एका हिवतापग्रस्त वस्तीत १२१ मुले जन्मली असे धरा. त्यांपैकी १०० मुलांची दोन्ही जनुके निर्दोष आहेत, २० वाहक आहेत आणि एक रुग्ण आहे. एकूण २४२ जनुकांपैकी सदोष २२ झाली, म्हणजे अकरात एक. आता निर्दोष जनुकांच्या शंभरांपैकी १० मुले हिवतापाने दगावली आणि उपचारांअभावी तो एक रुग्णही गेला. उरल्या २२० जनुकांत सदोष २० आहेत. प्रमाण पुन्हा अकरात एकच! जेवढा तोटा रोगाने केला तेवढाच नफा हिवतापाने भरून दिला. यालाच संतुलित निवड म्हणतात.

आता हिवताप गेला असे समजा. ती दहा मुले वाचतील, रुग्ण मात्र दगावेल. म्हणजे २४० जनुकांत सदोष २० राहतील. अकरात एकचे बारात एक होईल, पुढच्या पिढीत तेरात एक. या गतीने प्रमाण निम्म्यावर यायला अकरा पिढ्या, म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षे लागतील. कारण बहुतेक सदोष जनुके निरोगी वाहकांत सुरक्षित असतात. रुग्णाच्या मृत्यूने त्यांचा अल्प अंशच घटतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावरून हिवताप १९५० च्या सुमारास हटला, तरी तेथे थॅलसेमियाचे वाहक आजही सुमारे दहात एक आहेत. त्याच बेटावर १९७० च्या दशकापासून वाहकांची तपासणी, सल्ला आणि गर्भनिदान यांमुळे रुग्ण बालकांचे जन्म मात्र झपाट्याने घटले.

यातून निघणारा निष्कर्ष मोहिमेच्या कर्त्यांनी डोळ्यांआड करू नये. रुग्ण जन्मणे थांबले, किंवा उपचारांनी तो जगू लागला, तर जनुक घटण्याचा मुख्य मार्गही जवळपास बंद होतो. म्हणजे मोहीम जितकी यशस्वी, तितके जनुक टिकून राहणार! यात अपयश काहीच नाही, कारण लढा रोगाशी आहे. म्हणूनच वाहकांची संख्या किती उतरली, या मापाने मोहिमेचे यश मोजता येणार नाही. किती रुग्णांचा वेळीच शोध लागला, किती जणांना औषध आणि रक्त मिळाले व किती दांपत्यांना योग्य सल्ला पोहोचला, हीच खरी मापे होत.

तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डाचा अर्थही याच दृष्टीने सांगितला पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात रुग्ण मूल होण्याचा संभव चारांत एक असतो. एकच वाहक असून दुसऱ्याची दोन्ही जनुके निर्दोष असतील तर सिकलसेलचा रोग होत नाही. हा फरक न समजावता कार्डे वाटली, तर 'वाहक' हा शब्द लग्नाच्या बाजारात कलंक ठरेल आणि त्याची झळ मुलींना आधी लागेल. पूर्वजांच्या मुलांना हिवतापातून वाचविणाऱ्या जनुकाची शिक्षा त्यांच्या नातींना देण्याचा अधिकार कोणत्याही मोहिमेला नाही.