उत्साह : प्रकृतीचा की विकृतीचा?

नैराश्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास आपण निद्रा, क्षुधा, मलप्रवृत्ती यांविषयी कटाक्षाने विचारतो. मात्र ‘यापूर्वी कधी झोप अगदी कमी होऊनही थकवा आला नाही, असे सलग काही दिवस गेले होते का?’ हा प्रश्न बहुधा राहून जातो. हा एक प्रश्न न विचारल्याने द्विध्रुवीय विकार, म्हणजेच बायपोलर, कित्येकदा साधे नैराश्य म्हणून वर्षानुवर्षे हाताळला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विकारात उन्मादाची सौम्य अवस्था असते. तिला हायपोमेनिया म्हणतात. सलग किमान चार दिवस, दिवसाचा बहुतेक काळ, मन असाधारण उल्हसित अथवा चिडचिडे राहते आणि कार्यशक्ती वाढते. जोडीला झोपेची गरज घटणे, बडबड, विचारांची धाव, चित्ताची चंचलता, अवास्तव आत्मविश्वास, धाडसी खर्च यांपैकी किमान तीन लक्षणे दिसतात. भ्रम झाले, रुग्णालयात दाखल करावे लागले किंवा व्यवहार पूर्ण कोलमडला, तर तो हायपोमेनिया न राहता पूर्ण उन्माद होय.

मग उत्साही स्वभावाचा मनुष्य आणि हा रुग्ण यांत भेद कसा करावा? आपल्या शास्त्राच्या अभ्यासकास हे अवघड जाऊ नये. उत्साही स्वभाव ही प्रकृती आहे. ती जन्मापासून सोबत असते. हायपोमेनिया ही विकृती आहे; तिला आरंभ आणि शेवट असतो. चरकाचार्यांनी उन्मादाच्या वर्णनात मन, बुद्धी यांच्यासोबत शील, चेष्टा व आचार यांचाही विभ्रम सांगितला आहे. म्हणून तुलना शेजाऱ्याशी न करता रुग्णाच्याच नेहमीच्या शीलाशी करावी.

उदाहरणादाखल रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील अठ्ठावीस वर्षांचा यंत्रचालक डोळ्यांसमोर आणू. दोन महिन्यांपासून त्याला अंग जड वाटते, दहा-दहा तास झोप येते, कशातच रस नाही. एवढ्यावर निदान नैराश्याचेच होईल. परंतु पत्नीस विचारता कळते, की दिवाळीच्या सुमारास रात्रपाळीचा पंधरवडा संपल्यावरही सहा दिवस तो जेमतेम तीन तास झोपे आणि तरीही ताजातवाना असे. मध्यरात्री सहकाऱ्यांना दूरध्वनी करी. कुणालाही न विचारता त्याने टेम्पोसाठी इसार देऊन टाकला. कामावर मात्र तो जात होता, भ्रम नव्हते. आता त्याच पाळीतला दुसरा कामगार पाहा. तोही कमी झोपतो, पण डोळे चोळत, थकून. कांदाकाढणीच्या दिवसांत पहाटे चारला उठणारा शेतकरीही झोप हुकली की दुपारी बांधावर कलंडतो. झोप कमी आणि थकवाही नाही, ही खरी खूण आहे. अर्थात थायरॉइडचा अतिस्राव, मद्य व स्टेरॉइड ही कारणे आधी वगळावीत.

चूक होते ती रुग्ण खोटे बोलतो म्हणून नव्हे. त्या सहा दिवसांना तो आजार मानतच नाही. ‘तेव्हाच मी खरा बरा होतो’ असे म्हणतो. वैद्याकडे येतो तो केवळ खिन्नतेच्या काळात. शिवाय तो काळच कितीतरी मोठा असतो. अमेरिकेत द्विध्रुवीय विकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या 86 रुग्णांचा सरासरी तेरा वर्षे मागोवा घेतला गेला. तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे निम्मे आठवडे नैराश्याचे आढळले, तर हायपोमेनियाचे जेमतेम एक टक्का. साहजिकच कोणत्याही एका भेटीत रुग्ण खिन्नच दिसणार.

या चुकीची किंमत मोठी आहे. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना नुसते नैराश्यरोधक दिल्यास काही रुग्णांत उन्माद उसळतो. म्हणून औषधालयचालक बंधूंनी नैराश्यरोधकाची जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या पुन्हा देऊ नयेत. ज्याचे लिथियम चालू आहे, अशा रुग्णास मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याविना वमन-विरेचन, मूत्रल औषधे अथवा मीठबंदी सांगू नये. शरीरातील पाणी व क्षार घटले की रक्तात लिथियम साचते. हातांचा ठळक कंप, उलटी-जुलाब, अडखळती चाल व वाचा ही विषाराची चिन्हे दिसताच रुग्णालय गाठावे.

तरुण वयात आरंभ, वारंवार उलटणारे नैराश्य, अतिनिद्रा, घराण्यात उन्मादाचा इतिहास, यांपैकी काही आढळले तर संशय बळावतो. अशा वेळी रुग्णाच्या संमतीने घरच्या माणसास स्वतंत्रपणे विचारावे, आत्मघाताच्या विचारांबद्दल रुग्णास थेट विचारावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आपली चिकित्सा त्यानंतरही त्यांच्या सल्ल्याने चालू राहू शकते. परंतु निदानाआधी दिलेले औषध, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो, अंधारात मारलेला बाण ठरते.