तिसऱ्या झेरॉक्सवर अर्थ टिकला पाहिजे



आपण शिबिरात वाटतो ती पत्रकं रंगीत असतात, पण वस्तीत ती रंगीत पोहोचत नाहीत. कार्यकर्ता एक प्रत घेऊन जातो आणि तालुक्याच्या दुकानात तिच्या पन्नास साध्या झेरॉक्स काढतो. त्यातली एक गावात जाते आणि तिथे तिचीच पुन्हा झेरॉक्स निघते. कलर प्रत कितीतरी पट महाग पडते, त्यामुळे हे असंच चालणार. मग ज्याच्यासाठी पत्रक काढलं, त्याच्या हातात पडते ती तिसरी काळी-पांढरी प्रत. माझं म्हणणं एवढंच आहे की पत्रक या तिसऱ्या प्रतीसाठी बनवलं पाहिजे.

अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या अर्थसाहाय्याचं उदाहरण घेऊ. कलम ३(१)(आर) म्हणजे लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार यात पीडिताला एक लाख रुपये मिळतात, तेही तीन टप्प्यांत: एफआयआरनंतर २५ टक्के, दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर ५० टक्के आणि खालच्या न्यायालयात दोष सिद्ध झाल्यावर २५ टक्के. समजा, आपण एक आडवी पट्टी काढली. पहिला टप्पा लाल, दुसरा हिरवा, तिसरा पिवळा, आणि कुठला रंग कशाचा ते खाली छोट्या चौकोनांत दिलं.

संगणकावर रंगाचं करड्यात रूपांतर करण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. भडक लाल तिथे ७६ वर येतो आणि गडद हिरवा ७५ वर. डोळ्याला हे दोन रंग एकमेकांविरुद्ध वाटतात, पण करड्यात ते एकच होतात. पिवळा २२६ वर जातो, म्हणजे जवळपास कोरा कागद. झेरॉक्स मशीनचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गत हीच.

आता ती प्रत वाचा. पहिले दोन टप्पे मिळून ७५ हजारांचा एक करडा ठोकळा दिसतो आणि शेवटचे २५ हजार गायब. कुटुंब समजतं की एफआयआर झाली की ७५ हजार येणार. हातात पडतात २५. मग संशय कुणावर जातो? पत्रक देणाऱ्या कार्यकर्त्यावर.

यावर फिका, मध्यम आणि गडद करडा वापरला तर भागेल असं काहींना वाटतं. तेही पुरत नाही. झेरॉक्सवाल्याचं मशीन बहुधा अक्षरांच्या सेटिंगवर असतं. त्यात फिका करडा उडून पांढरा होतो आणि गडद करडा काळा होतो. प्रतीची प्रत काढली की हे आणखी वाढतं. खात्रीने टिकतात ते दोनच, कोरा कागद आणि पूर्ण काळा. मधली छटा हवी असेल तर ती रेघांची करायची.

म्हणून तीच पट्टी अशी काढा. पहिला भाग कोरा, भोवती जाड काळी चौकट. दुसऱ्या भागात तिरप्या काळ्या रेघा, प्रत्येक रेघ निदान एक पॉइंट जाड आणि दोन रेघांत दोन-तीन मिलिमीटर अंतर. बारीक ठिपके किंवा दाट रेघा दुसऱ्या प्रतीतच एकमेकांत मिसळून डाग होतात. तिसरा भाग पूर्ण काळा. दोन भागांच्या मध्ये पांढरी फट ठेवा. खालचे छोटे चौकोन काढून टाका आणि ‘एफआयआरनंतर २५,०००’ असं त्या-त्या भागाच्या डोक्यावरच, कोऱ्या कागदावर लिहा. रेघांवर अक्षरं छापली की वेलांटी आणि अनुस्वार रेघांत हरवतात. काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं छापली तर शाई भरून ती बुजतात.

यासाठी निळा रंग सोडायची गरज नाही. गडद निळा करड्यात जवळपास काळा होतो, त्यावर मोठी, ठळक पांढरी अक्षरं चालतात. त्यावर काळी अक्षरं मात्र बुडतात. फिका आकाशी उडून जातो, म्हणून त्यावर काळी अक्षरं टिकतात, पण त्या आकाशीने काही दाखवायचं असेल तर ते दिसणार नाही. वरील पट्टीतही पहिल्या भागात फिका पिवळा, रेघांच्या मागे फिका आकाशी आणि तिसऱ्यात गडद निळा भरता येईल. रंग उडाला तरी चौकट आणि रेघा उरतात.

छपाईला देण्याआधी एक चाचणी करा. मोबाईलवर फोटो काळा-पांढरा करून पाहणं पुरत नाही, कारण मोबाईल मधल्या छटा जपतो. कोपऱ्यावरच्या दुकानात एक झेरॉक्स काढा, तिची दुसरी आणि दुसरीची तिसरी. ती तिसरी प्रत पत्रक आधी न पाहिलेल्या माणसाला द्या आणि विचारा, ‘दुसरा हप्ता कधी आणि किती?’ त्याला पुन्हा पाहावं लागलं किंवा त्याने ७५ हजार सांगितले, तर पट्टी पुन्हा काढा.