आठ की सोळा? प्रश्नच चुकीचा विचारला जातोय

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: सर, लॅपटॉप आठ जीबीचा घ्यावा की सोळाचा? त्याआधी ते दोन ठिकाणी जाऊन आलेले असतात. व्हिडिओवाल्याने सांगितलेलं असतं की सोळाच्या खाली बघूच नका. शेजारच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलेलं असतं की वर्डला आणि ब्राउझरला आठ रग्गड. दोघेही छातीठोकपणे बोलतात आणि खरा मुद्दा दोघांकडूनही निसटतो.

मुलीचं काम काय, ते आधी बघू. बी.ए.ची मुलगी आहे. विंडोज ११, वर्ड, एखादी एक्सेल शीट, क्रोममध्ये दहा-बारा टॅब, मध्येच ऑनलाइन तास. आठ जीबीच्या लॅपटॉपवर आठ जीबी पूर्ण मिळत नाहीत. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलं की स्क्रीनवरच्या चित्राचं कामही याच मेमरीतून चालतं, त्यासाठी थोडा वाटा आधीच कापला जातो. समजा 7.4 उरले. विंडोज, अँटिव्हायरस आणि आपोआप सुरू होणारी किरकोळ सॉफ्टवेअर मिळून तीन-साडेतीन सहज खातात. वर्ड-एक्सेलला अर्धा, क्रोमला दीड-दोन, व्हिडिओ तासाला पाऊण. बेरीज साडेसहाच्या आसपास जाते. म्हणजे आज भागतं, पण फार जागा उरत नाही. स्कॅन केलेली दोनशे पानांची पीडीएफ आणि व्हॉट्सॲपही उघडलं की काठावर येतं.

काठावरून पुढे गेलं म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. विंडोज न लागणारा मजकूर आधी दाबून लहान करतं, मग एसएसडीवर ठेवतं. मुलीला जाणवतं ते एवढंच, की अर्ध्या तासापूर्वीच्या टॅबवर परत गेलं की तो अडखळतो. हे चालवून घेता येतं. पण डिग्रीची तीन वर्षं आणि त्यानंतरचं बी.एड. हा लॅपटॉप ओढणार असेल, तर आजचा काठ उद्या पुरणार नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न हा: मेमरी नंतर वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये तिची पट्टी खाचेत बसवलेली असते. अशा वेळी आठ घ्या, बिनधास्त घ्या. दोन वर्षांनी गरज पडली तर त्याच जातीची दुसरी पट्टी बसवा. डीडीआर४च्या जागी डीडीआर५ बसत नाही, एवढं लक्षात ठेवा. पण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे आठ घेतलेत तर आयुष्यभर आठच. तिथे सोळाच घ्या. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल. एसएसडीवर मात्र काटछाट नको.

ओळखायचं कसं? दुकानातला नमुना लॅपटॉप सुरू करून Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये Memory उघडा. Form factor पुढे SODIMM असेल तर पट्टी आहे, Row of chips असेल तर पक्की. Slots used वर एकट्यावर विसंबू नका, कारण काही मॉडेलांत आठ पक्के आणि शेजारी एक रिकामी खाच असते. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पीडीएफमध्ये मिळते, तिथे खात्री होते. आणि खोक्यावर एलपीडीडीआर लिहिलेलं असेल तर ती मेमरी जवळपास नेहमीच पक्की असते.

एका दुकानात माझ्यासमोर विक्रेत्याने हाच पडदा उघडून एका बापाला दाखवलं, ‘बघा, काही न करता साठ टक्के भरली!’ आणि आठ हजार जास्त सांगितले. ही शुद्ध भीती विकणं आहे. आठच्या यंत्रावर साठ टक्के म्हणजे पावणेपाचच्या आसपास; नव्या नमुन्यावर डेमोची सॉफ्टवेअर, अपडेट असं बरंच काही मागे चालू असतं. शिवाय जास्त मेमरी दिसली की विंडोजही हात सैल सोडतं. बघायचा आकडा Committed मधला डावीकडचा आहे, आणि तोही स्वतःचं रोजचं काम चालू असताना. तो मेमरीच्या बराच वर राहत असेल आणि खिडकी बदलताना डिस्क शंभर टक्क्यांवर अडकत असेल, तर मेमरी खरंच कमी आहे. नसेल, तर आधी Startup apps मधली नको ती नावं बंद करा आणि क्रोमचं Memory Saver चालू करा.

त्या बापाने निवडलेल्या मॉडेलला दुसरी खाच रिकामी होती. त्याने आठचाच घेतला. विक्रेत्याचं तोंड उतरलं, पण ते आठ हजार घरी गेले.